६०% ऑरगॅनिक कॉटन, ४०% रिसायकल्ड पॉलिस्टर: चार महिन्यांत टी-शर्टची ही दशा. दोष कुणाचा?

मृण्मयी_प

नमस्कार मंडळी. कापडातलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे.

जुलैत नवऱ्यासाठी तीन काळे टी-शर्ट ऑनलाइन मागवले, एक ११९९ ला. खोक्यावर हिरवं पान, 'एका टी-शर्टमागे २० बाटल्या वाचवल्या' असं लिहिलेलं, आणि आत शिवलेल्या पट्टीवर ६०% ऑरगॅनिक कॉटन, ४०% रिसायकल्ड पॉलिस्टर. म्हटलं, थोडे पैसे जास्त गेले तरी चांगली वस्तू येईल.

दोन वापरात आहेत, तिसरा अजून पाकिटात आहे. वापरातले आठवड्यातून दोनदा मशीनला जातात. आता अवस्था अशी: पोटावर सीटबेल्ट घासतो तिथे आणि काखेत बारीक गोळे आलेत. काळा रंग राखाडीकडे झुकलाय, शिवणींवर तर सरळ पांढुरका दिसतो. दोन्ही आखूड झालेत, हात वर केला की पोट दिसतं (हे नवऱ्याचं म्हणणं, मी काही बोलले नाही). आणि सगळ्यात वैताग म्हणजे वास. धुऊन वाळला की काही नाही, पण घालून अर्धा तास झाला की काखेतून तोच जुना घामट वास परत.

माझा अंदाज असा की रिसायकल्ड म्हणजे वितळवलेल्या बाटल्या, म्हणून धागा कमजोर. आणि ऑरगॅनिक म्हणजे केमिकल नाही, म्हणून रंग कच्चा. बरोबर आहे का? आणि तिसऱ्याचं काय करू? परत पाठवायची मुदत गेली.

ट्रेकवेडा

पहिला अंदाज बरोबर आहे. प्लास्टिक प्रत्येक वेळी वितळवलं की त्याची ताकद कमी होते, हे शाळेतच शिकलोय. त्यामुळे रिसायकल्ड पॉलिस्टर नव्यापेक्षा कमजोरच असणार. फक्त एक कोडं आहे. माझा ट्रेकचा ड्रायफिट टी-शर्टही शंभर टक्के रिसायकल्ड आहे, तीन पावसाळे सॅकच्या पट्ट्याखाली घासला गेलाय आणि एक गोळा नाही. वास मात्र मेल्यासारखा मारतो. बायको तो बाल्कनीच्या आत येऊ देत नाही.

शांतामावशी

मृण्मयी, नवे कपडे पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायचे असतात गं. तुरटी घातली तर उत्तमच. रंग पक्का होतो. आम्ही इरकलीसुद्धा तशाच धुतल्या. आणि ऑरगॅनिक कापूस मऊ असतो, माझ्या नातीची झबली त्याची आहेत, लोण्यासारखी.

पानसे_नाशिक

रिसायकल्डचा अनुभव आम्हालाही आहे. पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आणली होती, जुन्या लोकरी कपड्यांची. तंतू सगळीकडे, पहिल्या धुण्यात अर्धं ब्लँकेट गटारात. तेव्हापासून रिसायकल्ड शब्द दिसला की आम्ही लांब.

लूमवाले_काका

इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसला सव्वीस वर्षं काढली, आता घरी बसून नातवंडांचे टी-शर्ट बघतो. तर बोलतो थोडं. आधी पानसेंचं, कारण तिथला गोंधळ सुटला की पुढचं सोपं जाईल.

पानिपतला जुने कपडे यंत्रात घालून ओरबाडतात. तंतू तुटतात, आखूड होतात, आणि त्या आखूड तंतूंचं परत सूत काढतात. रिसायकल्ड कॉटनचंही तसंच आहे, तिथे कमजोरी खरी असते. बाटलीचं गणित वेगळं. बाटली फोडून तिचे तुकडे धुतात, वाळवतात, वितळवतात आणि बारीक भोकांतून परत नवा तंतू ओढतात. तंतूची लांबी आपण ठरवू तेवढी. जुन्या बाटलीत तंतू नव्हताच, तर तो तुटणार कुठून?

आता ट्रेकवेडा. वितळवताना प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात हे खरं आहे. पण बाटलीला लागणारं पॉलिस्टर कपड्याच्या पॉलिस्टरपेक्षा मुळात जास्त लांब साखळीचं असतं, नाहीतर सोड्याचा दाब ती सोसणार नाही. म्हणजे थोडं खाली आलं तरी कपड्याला पुरेल इतकं उरतं. बिघडतं कधी? तुकडे नीट वाळवले नाहीत आणि ओल राहिली की, कारण वितळताना पाणीच साखळ्या कापतं. किंवा बाटलीवरच्या पीव्हीसी लेबलाचे कण मागे राहिले की. मग सूत काढताना तार तुटते, ठिपके येतात, पिवळसर झाक येते. पण असा माल बहुतेक वेळा गिरणीतच अडकतो, तुमच्या अंगावर येईपर्यंत टिकत नाही. पिवळी झाक मात्र येते. म्हणून फिक्या रंगात रिसायकल्ड माल जुळवताना आमचा रंगारी कपाळाला हात लावायचा, आणि काळा म्हटलं की खुश. काळ्यात सगळं झाकलं जातं.

ट्रेकवेडा

मग काका, गोळे का आले? आणि माझ्याला का नाहीत?

लूमवाले_काका

तुझ्या ड्रायफिटचा धागा अखंड आहे. किलोमीटरच्या किलोमीटर एकच तार, टोकं नाहीतच. गोळा व्हायला कापडातून तंतूचं टोक बाहेर यावं लागतं. ताईंच्या टी-शर्टमध्ये पॉलिस्टर कापसात मिसळायचं आहे, म्हणून ते कापसाच्या मापाने, साधारण ३८ मिलिमीटरला, कापलेलं असतं. मग दोन्ही एकत्र कातून सूत. त्यात टोकंच टोकं. घासलं की ती वर येतात, एकमेकांत गुंततात, गोळा तयार.

आता गंमत ऐका. शुद्ध कापसालाही गोळे येतात, पण कापसाचा तंतू मोडतो आणि गोळा गळून जातो. पॉलिस्टरचा तंतू मोडत नाही. एक टोक कापडात रुतलेलं, दुसऱ्याला गोळा लटकलेला, आणि तो सुटतच नाही. त्यात कापसाचे तुटलेले तुकडे येऊन बसतात. म्हणजे गोळे टिकतात ते पॉलिस्टर मजबूत आहे म्हणून, कमजोर आहे म्हणून नव्हे. आम्ही 'लो पिल' म्हणून जे पॉलिस्टर घ्यायचो ते मुद्दाम जरा कमजोर केलेलं असायचं, गोळा लवकर गळावा म्हणून.

तेव्हा ताई, तुमचे गोळे मिश्रणाचे आहेत. ४०% नवं पॉलिस्टर असतं तरी हेच झालं असतं. सुताला पीळ किती, कापूस कोंबिंग करून आखूड तंतू काढलेत का, कापडाला एन्झाइम लावून वरची लव खाल्लीय का, यावर ते ठरतं. हिरवं पान यातलं काहीच सांगत नाही.

मृण्मयी_प

काका, हे डोक्यात शिरलं. म्हणजे एकाच कापडात दोन जातीचे तंतू आणि त्यांचं आपापसात पटत नाही.

वर्धेचा_कापूसवाला

दुसऱ्या अंदाजावर बोलतो. आमच्या गटाचा सेंद्रिय कापूस आहे, मी स्वतः सात एकरात घेतो.

सेंद्रिय म्हणजे बी जनुकबदल केलेलं नको, रासायनिक खत नको, रासायनिक फवारणी नको. एवढंच. तंतू किती लांब, किती बारीक, हे वाण ठरवतं, मग पाऊस, मग वेचणी. माझा आणि शेजाऱ्याचा एकाच जातीचा कापूस हातात दिला तर मला स्वतःला ओळखता येणार नाही. शांतामावशींच्या नातीची झबली मऊ आहेत ती सूत आणि विणकाम चांगलं असल्यामुळे. माझ्या शेतामुळे आहेत म्हणाल तर आवडेल ऐकायला, पण खरं नाही.

खरी अडचण बियाण्याची. देशात जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटीचा आहे. बीटी नसलेलं चांगलं बी शोधताना दमछाक होते. सरकी काढायला जिनिंगला आमचा कापूस गेला की आधीच्या लॉटची रुई यंत्रात अडकलेली असते. म्हणून आम्ही गटाने सकाळचा पहिला पाळा घेतो आणि यंत्र झाडून घेतो. आणि हे सगळं करून बाजारात जास्तीचा भाव मिळेलच असं नाही. तो वेगळा धागा होईल.

शांतामावशी

बरं बाबा, शेताचं सोडलं. पण मीठ तरी खरं ना?

लूमवाले_काका

मावशी, मीठ खरं आहे, पण आमच्या हौदात. कापसाला जे रिऍक्टिव्ह रंग लावतात ते मिठाच्या जोरावर सुतात शिरतात आणि सोड्याने पक्के होतात. कापड दुकानात आलं की ते काम संपलेलं असतं. घरी मीठ घातल्याने न धरलेला रंग धरत नाही. फार तर त्या पाण्यात सुटायचा थोडा कमी होतो आणि पुढच्या धुण्यात सुटतो. तुमच्या काळच्या इरकलींचे रंग वेगळे असायचे, तिथला अनुभव इथे लावू नका.

आणि ऑरगॅनिकचा रंगाशी संबंध नाही. ऑरगॅनिक कॉटनलाही तेच रिऍक्टिव्ह रंग. नैसर्गिक रंगच हवा अशी अट नाही.

गारमेंटवाली_तिरुपूर

मी मूळची सोलापूरची, सध्या तिरुपूरला निर्यातीत मर्चंडायझर. काकांशी बहुतेक सहमत, पण एका ठिकाणी दुरुस्ती. 'हिरवं पान काहीच सांगत नाही' हे पानावर अवलंबून आहे.

ओसीएस, जीआरएस आणि जीओटीएस ही तीन वेगवेगळी प्रमाणपत्रं. ओसीएस म्हणजे फक्त मोजदाद. ऑरगॅनिक कापूस किती आला, किती गेला, बस. जीआरएस रिसायकल्ड मालाची मोजदाद करतं आणि कारखान्यातली रसायनं, सांडपाणी, कामगार यांच्याही अटी घालतं. जीओटीएस मात्र जिनिंगपासून शिवणीपर्यंत जातं आणि त्यात रंग धुण्यात, घासण्यात, घामात किती टिकावा आणि कापड किती आटावं याच्याही मर्यादा आहेत. होजियरीला, म्हणजे टी-शर्टसारख्या फाशांच्या कापडाला, आटण्याची सूट मागावर विणलेल्या कापडापेक्षा बरीच जास्त आहे, पण मर्यादा आहे. म्हणजे जीओटीएस असेल तर वापराबद्दल थोडं तरी कळतं.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. जीओटीएसमध्ये फॉर्मल्डिहाइड चालत नाही. सुरकुत्या न पडणारे कॉटन शर्ट ज्या रेझिनने होतात ती बहुतेक त्याच घराण्यातली. त्यामुळे खरा जीओटीएस कॉटन शर्ट चुरगळणारच. गिऱ्हाईक तक्रार करतं की एवढा महाग शर्ट आणि इस्त्री मोडते. तो दोष नाही, ती त्याची ओळख आहे.

आणि मृण्मयी, तुझ्या टी-शर्टवर जीओटीएस असूच शकत नाही. त्याला किमान ७०% ऑरगॅनिक लागतं, तुझं ६० आहे. पानाखाली प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक आहे का बघ. खऱ्या लेबलवर दोन्ही असतात आणि तो क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

मृण्मयी_प

बघितलं. नुसतं पान. ना नाव, ना क्रमांक. खाली बारीक अक्षरात 'पृथ्वीवर प्रेम करा'.

सुहास_ठाणे

साधी परीक्षा सांगतो. एक धागा जाळा. कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर ऑरगॅनिक, प्लास्टिकचा वास आला तर फसवणूक.

गारमेंटवाली_तिरुपूर

सुहास, त्यातून कापूस आहे की पॉलिस्टर एवढंच कळतं. मृण्मयीच्या धाग्याला राखही येईल आणि टोकाला कडक मणीही येईल, कारण दोन्ही आहेत. ऑरगॅनिक, बिनऑरगॅनिक, नवं, रिसायकल्ड, सगळं जळताना सारखंच.

प्रयोगशाळेतही अवघड आहे. बीटीचं जनुक सरकीत, रुईत, कच्च्या सुतात सापडतं. कापड उकळून, ब्लीच करून रंगवलं की तपासण्याइतकं शिल्लक राहत नाही. म्हणून सगळा भरवसा कागदावर, प्रत्येक टप्प्याला माल विकताना मिळणाऱ्या व्यवहार प्रमाणपत्रावर. आणि कागद खोटा निघू शकतो. २०२० मध्ये जीओटीएसनेच भारतात २०,००० टन कापसाची खोटी प्रमाणपत्रं पकडली आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. त्या वर्षी आमच्या ऑफिसात खरेदीदारांच्या फोनवर फोन.

वर्धेचा_कापूसवाला

त्याचा मार खऱ्यांनाच बसला. आमच्या गटाच्या तपासण्या दुप्पट झाल्या, खर्च आमचा.

सुहास_ठाणे

बरं, जाळणं मागे घेतो. पण मग गिऱ्हाइकाने करायचं काय? कायदा काही आहे का?

गारमेंटवाली_तिरुपूर

ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक नियम काढलेत. दावा केला तर पुरावा द्यावा लागतो. तेव्हा विक्रेत्याला मेल टाकून 'ऑरगॅनिक आणि रिसायकल्डचं प्रमाणपत्र पाठवा' एवढं विचारायला हरकत नाही.

मृण्मयी_प

मेल टाकलाय. दरम्यान २० बाटल्यांचं मी स्वयंपाकघरात गणित केलं. तिसरा, न वापरलेला टी-शर्ट काट्यावर ठेवला: १८२ ग्रॅम. त्याच्या ४०% म्हणजे ७३ ग्रॅम पॉलिस्टर. घरातली रिकामी एक लिटरची बाटली, झाकण आणि लेबल काढून, २२ ग्रॅम. म्हणजे सव्वातीन-साडेतीन बाटल्या. प्रक्रियेत वाया जाणारं धरून चार म्हणा. अख्खा टी-शर्ट बाटल्यांचा असता तरी आठ-नऊच. २० कुठून आल्या?

ट्रेकवेडा

तीन टी-शर्ट घेतलेस ना, मग बारा तरी झाल्या. उरलेल्या आठ तुझ्यावर प्रेम म्हणून.

अटलांटिककाठी

न्यू जर्सीहून. इथे हे मिश्रण सर्रास मिळतं आणि आटण्याचा अनुभव माझ्याकडेही भरपूर आहे, कारण सगळं ड्रायरमध्ये जातं. शंभर टक्के ऑरगॅनिक कॉटनचा टी-शर्ट ड्रायरच्या दोन फेऱ्यांत मुलाला बसू लागला. पॉलिस्टर आटत नाही म्हणतात, मग मृण्मयीचा ४०% असून कसा आटला?

लूमवाले_काका

पॉलिस्टर आटत नाही कारण विणल्यावर त्याला जास्त उष्णता देऊन बसवलेलं असतं. पण होजियरीत तंतूपेक्षा फासा आटतो. यंत्रावर आणि पुढे प्रक्रियेत कापड लांबीला ओढलं जातं, फासे लांबुळके होतात. पाणी, उष्णता आणि घुसळण मिळाली की ते आपल्या मूळ आकाराकडे परततात. म्हणून लांबी कमी होते आणि कधी कधी रुंदी थोडी वाढते. कारखान्यात आधीच आटवून घेतलं असेल तर घरी कमी आटतं. पैसे वाचवायला ती पायरी घाईत उरकली की हिशोब गिऱ्हाइकाच्या घरी पूर्ण होतो. ड्रायरमध्ये गरम हवेत आपटत राहतं, म्हणून तिथे सगळ्यात जास्त.

ताई, तुमच्याकडे तिसरा कोरा टी-शर्ट आहे हे फार बरं झालं. असा नमुना आम्हाला कारखान्यातही मिळायचा नाही. तिन्ही सपाट टेबलावर ठेवून मापं टाका. आणि बाजूची शिवण खाली कुठे आलीय ते बघा.

मृण्मयी_प

मापली. कोरा खांद्यापासून खाली ७१.५ सेंटीमीटर. वापरलेले ६७.५ आणि ६८. छातीला कोरा ५३, वापरलेले ५३.५. काका, तुम्ही म्हणालात तसंच, लांबी गेली आणि रुंदी जराशी वाढली!

आणि शिवण. कोऱ्यात सरळ बाजूला आहे. वापरलेल्यात खाली येता येता तीन सेंटीमीटर पोटाकडे वळलीय. मला वाटायचं नवरा वाकडा उभा राहतो.

लूमवाले_काका

४ भागिले ७१.५, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. होजियरीसाठी फार भयंकर नाही, पण चांगलंही नाही. ११९९ ला मी तीन-चारच्या आत मागितलं असतं. शिवण वळली ती सुताच्या पिळामुळे. एकेरी सुतात पीळ जोरात असला आणि तो बसवला नाही की धुण्यात कापड तिरपं फिरतं. यालाही ऑरगॅनिक-रिसायकल्डशी देणंघेणं नाही.

कुठल्या प्रोग्रॅमवर धुता?

मृण्मयी_प

'कॉटन', ६० डिग्री. लेबलवर कॉटन लिहिलं होतं म्हणून. शेवटी सॉफ्टनर. वाळत गच्चीवर, उन्हात.

लूमवाले_काका

झालं. निम्मं कापडाचं, निम्मं तुमचं. रागवू नका.

आधी रंग. कोरा आणि वापरलेला शेजारी ठेवा आणि भिंग असेल तर शिवणीवरची पांढुरकी जागा बघा. मिश्रण दोनदा रंगवावं लागतं: पॉलिस्टर एका जातीच्या रंगाने दाबाखाली १३० डिग्रीला, मग कापूस रिऍक्टिव्ह रंगाने. दोन्ही काळे वेगवेगळ्या वेगाने विटतात. घासलेल्या जागी कापसाचा रंगीत वरचा थर निघून जातो आणि आतला फिका तंतू दिसतो, पॉलिस्टरचा तंतू शेजारी काळाच राहतो. डोळ्याला मिळून राखाडी. त्यात नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातलं क्लोरिन बऱ्याच रिऍक्टिव्ह काळ्यांना मानवत नाही, आणि वर गच्चीचं ऊन.

मृण्मयी_प

भिंग मुलाच्या प्रयोगपेटीत मिळालं. अगदी तसंच दिसतंय, काळे केस आणि पिकलेले केस मिसळल्यासारखं. टँकर आमच्याकडे मार्च ते जून, पण नळाचं पाणीही क्लोरिनचा वास मारतं.

ट्रेकवेडा

आता वास! त्यासाठीच मी इथे थांबलोय.

लूमवाले_काका

पॉलिस्टर पाणी जवळजवळ पीत नाही, पण तेलावर त्याचं प्रेम. अंगाचं तेल त्याला चिकटतं, साध्या धुण्यात पूर्ण सुटत नाही, आणि त्यावर जंतू जगतात. कोरडं असताना गप्प बसतात, अंगाची ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून अर्धा तास. बाटलीतून आलेलं असो की नवं, तंतू रसायनाने तोच, वासही तोच. शुद्ध कापसात हे बरंच कमी. ६०-४० मधल्यामध्ये.

सॉफ्टनर तर आधी बंद करा. तो तंतूवर मेणचट थर देतो, खालचं तेल आतच राहतं, आणि ड्रायफिटचं घाम ओढून घेणंही मंदावतं. बऱ्याच ड्रायफिटचा तो गुण वरून लावलेल्या प्रक्रियेचा असतो, तो धुण्यागणिक जातोच. तंतूलाच खाचा असलेला असेल तर टिकतो. पण रिसायकल्ड लिहिलंय यावरून दोन्हींतलं कुठलं ते कळत नाही.

अटलांटिककाठी

मी व्हिनेगरमध्ये भिजवते. वास जातो.

लूमवाले_काका

थोडा जातो, दोन धुण्यांनी परत येतो, कारण तेल राहिलेलं असतं. एन्झाइमवाला द्रव साबण कोमट, ४० च्या आसपासच्या पाण्यात घालून टी-शर्ट उलटा करून तासभर भिजवा, मग धुवा. लागोपाठ दोन-तीनदा करावं लागेल. ट्रेकवेड्याने ट्रेकहून आल्यावर सॅकमध्ये दोन दिवस कोंबून ठेवायचं बंद करावं, तो अर्धा इलाज. ऑक्सिजनवाला ब्लीच जोरदार काम करतो, पण काळ्या रिऍक्टिव्ह रंगावर आधी आतल्या शिवणीत थेंब टाकून बघा. क्लोरिनवाला अजिबात नको.

वर्धेचा_कापूसवाला

म्हणजे शेवटी शुद्ध कॉटन घ्या, हेच ना काका? आमचं दुकान चालेल.

लूमवाले_काका

ऑफिसला, घरी, पुण्याच्या हवेत, हो. पावसात ट्रेकला कॉटन घालून बघ, दिवसभर ओलं फडकं अंगावर. आणि पातळ कॉटन मिश्रणापेक्षा लवकर विरतं, कोपराला आणि कॉलरला आधी. मिश्रणाचा टिकाऊपणा खरा आहे, फक्त टिकून ते दिसतं कसं हा प्रश्न.

गारमेंटवाली_तिरुपूर

इथे माझं आणि काकांचं जमणार नाही. चांगलं कोंब्ड सूत, लव काढलेली, चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं कापड, अशा ६०-४० ची ऑर्डर मी करते आणि ती वर्षभर बरी दिसते. मिश्रण वाईट नाही, स्वस्तात केलेलं मिश्रण वाईट. पण खरेदीदार पानावर पैसे देतो, कोंबिंगवर देत नाही, मग कारखाना कुठे कापणार ते उघड आहे.

लूमवाले_काका

वर्षभर बरी दिसते हे कुणाच्या धुण्यात? तुमच्या लॅबच्या मशीनमध्ये की ताईंच्या ६० डिग्रीत? असो.

मृण्मयी_प

तीन आठवड्यांनी अपडेट.

तिसरा टी-शर्ट काकांच्या पद्धतीने सुरू केला. उलटा करून, जाळीच्या पिशवीत, ३० डिग्री, मशीन पाऊण भरलेलं, सॉफ्टनर नाही, वाळत सावलीत दांडीवर आडवा. पहिल्या धुण्याआधी पाठीवर खडूने टिपून ५० सेंटीमीटर उभी आणि तेवढीच आडवी रेघ मारली, टोकांना पांढऱ्या दोऱ्याचा टाका घातला म्हणजे खूण धुऊन जाणार नाही. सहा धुण्यांनंतर उभी ४८.४, आडवी ५०.१. म्हणजे तीन टक्क्यांच्या वर थोडंसं. शिवण वळलीय, पण एक सेंटीमीटरच. पोटावर गोळे बारीक दिसू लागलेत, सीटबेल्टखालीच. रंग अजून काळा.

जुन्या दोघांना एन्झाइममध्ये तीनदा भिजवलं. एकाचा वास गेल्यासारखा आहे, दुसऱ्याचा नाही. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच माणसाने घातलेले. नवरा म्हणतो दुसरा तो जिमला न्यायचा आणि पिशवीत विसरायचा. हे चार महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

विक्रेत्याचं उत्तर आलं. प्रमाणपत्र नाही, पुढच्या खरेदीवर १५% सवलतीचं कूपन आहे.

गारमेंटवाली_तिरुपूर

कूपन ठेव आणि परत लिही. या वेळी नेमकं विचार: सुताच्या पुरवठादाराचं व्यवहार प्रमाणपत्र, ऑरगॅनिकचं वेगळं आणि रिसायकल्डचं वेगळं. आणि २० बाटल्यांचा हिशोब. १८२ ग्रॅमचा आकडा मेलमध्ये घाल.

ट्रेकवेडा

माझाही ड्रायफिट भिजतोय, दुसरी फेरी. बादली बाल्कनीत आहे. आत यायला अजून परवानगी नाही.